पंच्याण्णव टक्के शून्यं, पण त्यातली जास्तीची किती?

मोटार विम्याचा डेटा पहिल्यांदा उघडला की स्क्रीनभर शून्यंच दिसतात. खाली स्क्रोल करत राहावं, मध्येच एखादा १ येतो, पुन्हा शून्यांची रांग. आमच्या प्रायसिंगच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीला मी सरावासाठी फ्रान्सचा एक सार्वजनिक डेटा दिला होता. दहाच मिनिटांत तिने मान वर केली. "सर, पंच्याण्णव टक्के शून्यं आहेत. झिरो-इन्फ्लेटेडच लावू ना?"

झिरो-इन्फ्लेटेड म्हणजे जास्तीच्या शून्यांसाठी वेगळा गट धरणारं मॉडेल. मी लगेच नाही म्हटलं नाही. तिच्या वयाचा असताना मीही हेच केलं होतं, आणि ते रिपोर्टात छापूनही गेलं होतं. त्या दुपारी आम्ही जे आकडे काढले तेच इथे क्रमाने मांडतो.

डेटाचं नाव freMTPL2freq. फ्रान्समधल्या खासगी गाड्यांच्या थर्ड पार्टी पॉलिसी त्यात आहेत. R च्या CASdatasets पॅकेजमध्ये तो मिळतो, OpenML वर 41214 क्रमांकाखालीही आहे. एकूण ६,७८,०१३ पॉलिसी. ClaimNb या रकान्यात क्लेमची संख्या, Exposure मध्ये पॉलिसी वर्षाचा किती भाग चालू होती ते. शिवाय ड्रायव्हरचं वय, गाडीचं वय, वस्तीची घनता आणि BonusMalus, म्हणजे फ्रान्सचा बोनस-दंडाचा गुणांक. एकही क्लेम नसलेल्या पॉलिसी ६,४३,९५३. म्हणजे ९४.९८ टक्के, तिचं म्हणणं बरोबर होतं.

पण 'जास्तीची' म्हणायचं तर कशापेक्षा जास्त ते ठरवायला हवं. एकूण क्लेम ३६,१०२, म्हणजे पॉलिसीमागे सरासरी ०.०५३२. जी घटना सरासरी वीसात एकदा घडते, तिथे बहुतेकांच्या वाट्याला शून्य येणारच. साधं पॉयसन वितरण या सरासरीला किती शून्यं देतं? e चा ऋण ०.०५३२ वा घात घेतला की ०.९४८१ येतं, त्याला पॉलिसींच्या संख्येने गुणलं की ६,४२,८५५. प्रत्यक्षात आहेत ६,४३,९५३. फरक १,०९८ चा, म्हणजे एकूण पॉलिसींच्या ०.१६ टक्के.

ती दोनदा बेरीज तपासून आली. पंच्याण्णव टक्क्यांपैकी चौऱ्याण्णव पूर्णांक एक्क्याऐंशी टक्के शून्यं पॉयसनने फुकटात दिली होती. वाद उरला तो उरलेल्या चिमूटभराचा.

तरीही मी तिला झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन लावायला सांगितलं. या मॉडेलची गोष्ट अशी: लोक दोन प्रकारचे. π इतका हिस्सा असा की ज्यांच्याकडून क्लेम येणं शक्यच नाही, त्यांचं शून्य पक्कं. उरलेले साधे पॉयसनवाले, ज्यांचा दर λ, आणि त्यांच्यातही नशिबाने शून्य मिळालेले पुष्कळ. कोणतं शून्य कुठल्या गटातलं ते दिसत नाही, मॉडेल अंदाज करतं. इतर कुठलीही माहिती न घालता फिट केलं की λ येतो ०.११७६ आणि π येतो ०.५४७.

म्हणजे मॉडेल सांगतंय की निम्म्याहून जास्त फ्रेंच ड्रायव्हर अपघात करूच शकत नाहीत. आणि हे कशाच्या जोरावर? ०.१६ टक्के जादा शून्यांच्या.

इथे तिने विचारलं तो प्रश्न मला आवडला: "एवढ्याशा फरकातून एवढा मोठा आकडा कसा निघतो?" उत्तर असं की हे मॉडेल शून्यांकडे बघून λ ठरवतच नाही. ते बघतं क्लेम असलेल्यांकडे. किमान एक क्लेम असलेल्या पॉलिसी ३४,०६०. त्यांच्यावर ३६,१०२ क्लेम वाटले तर प्रत्येकी १.०६०. साध्या पॉयसनमध्ये, ०.०५३२ सरासरीला, हा आकडा १.०२७ यायला हवा होता. १.०६० येण्यासाठी दर दुपटीहून थोडा जास्त, ०.११७६, लागतो. पण मग अख्ख्या डेटाची सरासरी ०.०५३२ कशी राहणार? निम्म्याहून जास्त लोकांना शून्याच्या कोठडीत बंद केलं तरच. π हा असा मागच्या दाराने आलेला आकडा आहे.

म्हणजे खरी गोष्ट शून्यांची नाही, दोनांची आहे. पॉयसनला दोन क्लेमवाल्या पॉलिसी ९११ अपेक्षित होत्या, सापडल्या १,७८४. जवळजवळ दुप्पट. ज्याने शून्य पाहून मॉडेल निवडलं, त्याने चुकीच्या टोकाकडे पाहिलं.

दोन क्लेमवाले जास्त का, याचं दुसरं, कितीतरी साधं उत्तर आहे: ड्रायव्हर सारखे नसतात. कुणाचा दर दोन टक्के, कुणाचा वीस. असा चढउतार गॅमा वितरणाने मांडला की निगेटिव्ह बायनॉमियल मिळतं. त्यात कुणीच अमर, म्हणजे क्लेम येणं अशक्यच असलेला, नाही, फक्त काही फार सावध आहेत. म्हणून आम्ही तुलना सरळ ठेवली. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल सरासरी आणि शून्यं दोन्ही तंतोतंत जुळवतंच, मग निगेटिव्ह बायनॉमियललाही तेच करायला लावलं. त्यासाठी पसरटपणाचा आकडा, α, सुमारे १.२६ लागतो. आता दोघांची परीक्षा फक्त उरलेल्या ओळींवर.

| क्लेम | प्रत्यक्ष | पॉयसन | झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन | निगेटिव्ह बायनॉमियल |
|---|---|---|---|---|
| ० | ६,४३,९५३ | ६,४२,८५५ | ६,४३,९५३ | ६,४३,९५३ |
| १ | ३२,१७८ | ३४,२३० | ३२,०९७ | ३२,१३८ |
| २ | १,७८४ | ९११ | १,८८७ | १,८१० |
| ३ | ८२ | १६ | ७४ | १०६ |
| ४ वा जास्त | १६ | ०.२ | २.२ | ६.७ |

दोनच्या ओळीत निगेटिव्ह बायनॉमियल २६ ने चुकतं, झिरो-इन्फ्लेटेड १०३ ने. तीनच्या ओळीत उलट, झिरो-इन्फ्लेटेड जवळ आहे. ही ओळ लपवायचं कारण नाही. शेवटच्या ओळीत दोघंही कमी पडतात, पण एक जास्तच. या ओळीवर मात्र मी फार भार टाकत नाही. सोळापैकी नऊ पॉलिसींवर चारपेक्षा जास्त क्लेम नोंदले आहेत, एकीवर तर सोळा. या डेटावर काम करणारे बरेच जण ही नोंदीची चूक समजून ClaimNb चारवर आणि Exposure एकवर कापतात. scikit-learn च्या उदाहरणातही तेच केलंय. तेवढं केलं की शेपटीच्या जोरावर कुणाचाही विजय जाहीर करता येत नाही.

मग निवड कशावर करायची? मी तिला दराच्या भाषेत एक प्रश्न घातला. यंदा एकही क्लेम न केलेला, एक केलेला आणि दोन केलेला, असे तीन ग्राहक. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून काय अपेक्षा? इतर काहीच माहिती नाही आणि माणसाचा स्वभाव बदलत नाही, एवढं धरून.

झिरो-इन्फ्लेटेडचं उत्तर: शून्यवाला ०.०४९८, एकवाला ०.११७६, दोनवाला ०.११७६. निगेटिव्ह बायनॉमियलचं: ०.०४९९, ०.११२६, ०.१७५४. पहिल्या ग्राहकात फरकच नाही, दुसऱ्यात नावापुरता. तिसऱ्यापाशी दोघांच्या वाटा फुटतात. झिरो-इन्फ्लेटेडच्या जगात एक क्लेम केला की माणूस अमरांच्या गटातला नाही एवढं सिद्ध होतं. त्यानंतर दुसरा, तिसरा कितीही केले तरी नवीन काही कळत नाही, कारण उरलेले सगळे सारखेच धरलेत. दर ठरवणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही. फ्रान्सच्या नियमालाही पटलेलं नाही: तिथे स्वतःच्या चुकीने आलेल्या प्रत्येक क्लेमला गुणांक १.२५ ने गुणतात, दुसऱ्या क्लेमला पुन्हा १.२५ ने, आणि क्लेमविना गेलेल्या वर्षाला ०.९५ ने. तळ ०.५०, कमाल ३.५०.

गुणांकाचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "पण सर, बोनस वाचवायला लोक क्लेम करतच नसतील. ती खोटी शून्यं झाली ना?" आपल्याकडे ओन डॅमेजच्या हप्त्यावरची नो क्लेम बोनसची सूट ५० टक्क्यांपर्यंत चढते, त्यामुळे बंपर खरचटला तर गॅरेजवाल्याला रोख देऊन मोकळं होणारे आपण सगळेच ओळखतो. फ्रान्समध्येही किरकोळ धक्क्याचे पैसे परस्पर मिटवले जात असणार. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा हाच युक्तिवाद आहे, आणि तो ऐकायला चोख वाटतो.

पण गणित वेगळं सांगतं. समजा एखाद्याचे अपघात पॉयसनने येतात, आणि प्रत्येक अपघात कळवायचा की नाही हे तो त्या त्या वेळी नुकसान बघून ठरवतो. दहातले सात कळवतो, तीन गिळतो. मग कळवलेल्या क्लेमची संख्या पुन्हा पॉयसनच असते, फक्त दर ०.७ पट. शून्यं वाढतात, पण घटलेला दरच ती पूर्ण समजावतो. जादा शून्य एकही उरत नाही. झिरो-इन्फ्लेशन यायला लपवणं अपघातागणिक नव्हे तर माणसागणिक असावं लागतं: असा कुणी, जो काहीही झालं तरी कधीच कळवत नाही. किंवा गाडीच गॅरेजात झाकून ठेवलेली. थर्ड पार्टीत समोरच्याचं नुकसान झालेलं असतं, आणि तो गप्प बसणार की नाही हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे 'कधीच कळवत नाही' हे ओन डॅमेजपेक्षा इथे कमी पटतं.

खरोखर दोन अवस्था असलेली जागा कशी दिसते ते पाहायचं तर डायन लॅम्बर्टचा १९९२ चा लेख. तिने हे मॉडेल सर्किट बोर्डांवरच्या सोल्डरिंगच्या दोषांसाठी मांडलं. यंत्र नीट लागलेलं असलं की दोष जवळजवळ येतच नाहीत, घडी बिघडली की येतात, पण तेव्हाही दरवेळी नाही. तिथे 'दोषमुक्त अवस्था' ही कल्पना इंजिनियरला बोटाने दाखवता येते. आमच्या डेटात गाडी किती किलोमीटर चालली हा रकानाच नाही. ५५ टक्के अमर कोण, हे आम्ही कुणाकडे बोट दाखवून सांगणार?

आता Exposure कडे. वरची सगळी आकडेमोड मी मुद्दाम कालावधी बाजूला ठेवून केली होती. प्रत्यक्षात निम्म्या पॉलिसी ०.४९ वर्ष किंवा त्याहून कमी काळ चालू आहेत, चतुर्थांश तर ०.१८ पेक्षा जास्त नाहीत. दोन महिन्यांच्या पॉलिसीचं शून्य आणि पूर्ण वर्षाचं शून्य एकाच मापाने मोजलं तर मॉडेलला पसारा दिसणारच. एकूण काळ ३,५८,४९९ वर्षं, म्हणजे वर्षाला दर ०.१००७. तो प्रत्येकीच्या काळाने गुणून शून्यांची बेरीज करायची:

```r
lam <- sum(d$ClaimNb) / sum(d$Exposure)
sum(exp(-lam * d$Exposure))
sum(d$ClaimNb == 0)
```

पहिली बेरीज ६,४३,३०० च्या आसपास येते. जादा शून्यं १,०९८ वरून साडेसहाशेवर घसरली, आणि अजून ड्रायव्हरचं वयसुद्धा मॉडेलमध्ये गेलेलं नाही. उरलेली साडेसहाशे समजावायला किती फरक लागेल? निम्म्यांचा वार्षिक दर ३ टक्के आणि निम्म्यांचा १७ टक्के धरला, दोघेही साधे पॉयसन, तरी हिशेब साधारण जुळतो. अठरा वर्षांचा नवशिका शहरात आणि पन्नाशीतला तेरा वर्षं बोनस जपलेला माणूस गावाकडे, यांच्यात एवढं अंतर असणं काही नवलाचं नाही.

कालावधीचं एक दुखणं मात्र कोडमध्ये लपलेलं असतं. तिने लिहिलेली ओळ अशी होती:

```r
zeroinfl(ClaimNb ~ BonusMalus + DrivAge +
         offset(log(Exposure)), data = d)
```

pscl पॅकेजमध्ये उभी रेघ न देता सूत्र लिहिलं, की तेच सूत्र शून्याच्या भागालाही लागू होतं, कालावधीच्या ऑफसेटसकट. म्हणजे पॉलिसी जितकी लांब, तितका माणूस अमर असण्याची शक्यता जास्त, आणि तीही सहगुणक १ ला खिळवून. अर्थाच्या बरोबर उलट. ना एरर येते ना इशारा, निमूटपणे आकडे छापले जातात. हवं ते असं:

```r
zeroinfl(ClaimNb ~ BonusMalus + DrivAge +
         offset(log(Exposure)) | 1, data = d)
```

रेघेनंतर १ म्हणजे सगळ्यांना एकच π. तिथे BonusMalus घालून बघता येतं, पण आधी एवढं चालू द्यावं. dist = "negbin" देऊन शून्याचा भाग निगेटिव्ह बायनॉमियलवर चढवला तर आणखी एक खूण पाहायची: शून्याच्या भागाचा इंटरसेप्ट −१२, −१५ असा खाली पळत असेल आणि त्याची स्टँडर्ड एरर शेकड्यात असेल, तर मॉडेल सांगतंय की π शून्याकडे चाललाय, मला त्याचा उपयोग नाही. काही जण हे नॉन-कन्व्हर्जन्स समजून सुरुवातीचे आकडे बदलत बसतात. त्यात संध्याकाळ जाते.

चाचणीबद्दल एवढंच. अनेक रिपोर्टात अजून वुआंग चाचणीने झिरो-इन्फ्लेशन 'सिद्ध' केलेलं असतं. ती एकमेकांत न सामावणाऱ्या मॉडेलांसाठी आहे. इथे π शून्य केला की साधं मॉडेलच मिळतं, म्हणजे एक दुसऱ्याच्या पोटात आहे, आणि तेही सीमेवर. २०१५ मध्ये विल्सनने हा गैरवापर नाव घेऊन दाखवून दिला. लाइकलीहूड रेशो घ्यायचा असेल तर पाच टक्क्यांची रेषा ३.८४ नव्हे, २.७१. आणि पावणेसात लाख ओळी असल्या की कसलाही फरक 'सिग्निफिकंट' निघतो, त्यामुळे मी आधी वरच्यासारखा तक्ता बघतो.

संध्याकाळी ती पुन्हा आली. याच डेटाची दुसरी फाइल आहे, freMTPL2sev, त्यात क्लेमच्या रकमा. तिने दोन्ही जोडल्या होत्या आणि ९,११६ पॉलिसी अशा निघाल्या होत्या, ज्यांच्यावर क्लेम नोंदलाय पण रक्कम एकही नाही. रक्कम नसलेला क्लेम धरायचा की नाही? पैसे न देता बंद झालेली फाइल असू शकते, नोंदीतली गळतीही असू शकते. काही अभ्यासक रकमेवाले क्लेमच मोजतात. सहा पॉलिसी वगळून आणि क्लेम असे मोजून एक साफ केलेली आवृत्ती वापरात आहे: ६,७८,००७ पॉलिसी, २६,३८३ क्लेम, शून्यं ६,५३,०६९.

आम्ही दिवसभर ज्या १,०९८ शून्यांवर डोकं घासलं, त्याच्या आठपट शून्यं एका जोडणीने जन्माला घातली होती. तिने त्या आवृत्तीवर तेच बिनमाहितीचं झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल पुन्हा चालवलं. λ ०.११४, जवळजवळ तिथल्या तिथे. π मात्र ५५ वरून ६६ टक्क्यांवर. फ्रान्समध्ये कुणीही गाडी चालवायचं सोडलं नव्हतं.

तिने मग मॉडेलच्या फाइलच्या वर एक ओळ टाकली, क्लेम म्हणजे काय धरलं ते सांगणारी, आणि खाली निगेटिव्ह बायनॉमियल ठेवलं, log(Exposure) च्या ऑफसेटसह. झिरो-इन्फ्लेटेडचा तुकडा तिने पुसला नाही. कॉमेंट करून ठेवलाय, शेजारी दोन्ही π लिहून.